पोरं कोणाची भाषा बोलतात

अकरावीला समाजशास्त्र शिकवताना सामाजीकरणाचं, म्हणजे मूल समाजात वावरायला कुणाकडून शिकतं याचं, प्रकरण आलं की मुलं चार नावं घडाघडा म्हणतात, कुटुंब, शाळा, समवयस्क गट, प्रसारमाध्यमं. पेपरातही याच क्रमाने लिहितात, कुटुंबाला दीड पान, शाळेला एक, मित्रांना अर्धं आणि टीव्ही-मोबाईलला उरलेल्या चार ओळी, त्यातही "दुष्परिणाम" हमखास. गेली बरीच वर्षं हे पेपर तपासतेय आणि दरवेळी वाटतं की या चौघांची तुलना अशी पानं मोजून होत नाही. तुलना करायची तर अशी एखादी गोष्ट धरायला हवी जी मुलाला चारही ठिकाणी मिळते आणि जी आपल्याला बाहेरून नीट तपासता येते. बोली ही तशी गोष्ट आहे. मूल घरात एक भाषा ऐकतं, शाळेत दुसरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिसरी, स्क्रीनवर चौथी, आणि शेवटी त्याच्या तोंडात कुठली बसली ते सरळ कानाला ऐकू येतं. संस्कार किती झाले यावर घरात रात्रभर वाद होऊ शकतो, पण पोरगं 'मले' म्हणतं की 'मला' म्हणतं यावर वाद होत नाही.

हे मला नुसतं पुस्तकातून नाही कळलं, माझ्या भाच्यामुळे कळलं.

बहीण अकोल्याहून पुण्याजवळच्या वाकडला राहायला आली तेव्हा भाचा सात वर्षांचा होता. भावजींची नोकरी हिंजवडीत, त्यामुळे हिंजवडीला रोज जाणाऱ्या लोकांनी भरलेल्या त्या मोठ्या मोठ्या टॉवरपैकी एकात त्यांनी फ्लॅट घेतला. भाच्याची भाषा तेव्हा अस्सल वऱ्हाडी. "मावशी, तू काल काऊन नाही आली?" "मले नको भाजी." ळ चा य, म्हणजे शाळेला शाया, डोळ्याला डोया, आणि आईशी लाडात आला की "दे ना व माय". आम्ही सगळे तिकडचेच त्यामुळे ते ऐकून मला इतकं बरं वाटायचं, पुण्यात शिकायला आल्यापासून माझ्या स्वतःच्या तोंडातून ते कधीच गेलं होतं.

आणि आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. हा मुलगा अकोल्यात अडीच-तीन वर्षांचा असल्यापासून टीव्हीवर हिंदी कार्टून बघत होता, जेवताना तर रोजच. हिंदी त्याला सगळं कळायचं, डायलॉग पाठ होते, नकलाही करायचा. पण अकोल्यात त्याने कुणाशी हिंदीत एक वाक्य स्वतःहून बोललेलं आम्हाला कुणालाच आठवत नाही. इतकी वर्षं रोज ऐकलेली भाषा नुसती आत पडून होती. वाकडला आला, संध्याकाळी खाली खेळायला जायला लागला, आणि काही आठवड्यांत "अबे रुक ना, मेरी बैटिंग है" सुरू. टीव्हीने भाषा पुरवली होती, पण ती वापरायचं कारण टीव्हीने दिलं नाही, ते पार्किंगमधल्या पोरांनी दिलं.

त्या सोसायटीतली पोरं म्हणजे कोण, तर निम्मी मराठी, बाकी उत्तरेकडची, तेलुगू, बंगाली, गुजराती. सगळ्यांना मिळून चालणारी भाषा हिंदी, त्यात इंग्रजी शब्द. हे समजण्यासारखं आहे. पण मला जे बघून धक्का बसायचा ते वेगळंच, की दोन मराठी पोरं एकटीच उभी असली, तिसरं कुणी नसलं, तरी एकमेकांशी हिंदीतच बोलायची. घरात दोघांच्याही मराठी. शाळेचा तर नियमच होता की मधल्या सुट्टीतही इंग्रजीतच बोलायचं. म्हणजे घर म्हणतंय मराठी, शाळा म्हणतेय इंग्रजी, आणि पोरं बोलतात तिसरंच, जे त्यांना मोठ्यांपैकी कुणीही शिकवायला बसलेलं नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्स नावाचं शहर आहे, १९६७ साली जवळजवळ नव्याने वसवायला घेतलेलं, देशाच्या निरनिराळ्या भागांतून लोक तिथे राहायला आले, म्हणजे आपल्या वाकड-हिंजवडीसारखाच प्रकार. पॉल केर्सविल आणि अ‍ॅन विल्यम्स या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९९० नंतर तिथल्या ४८ मुलांचं बोलणं रेकॉर्ड केलं, चार वर्षांची, आठ वर्षांची आणि बारा वर्षांची, आणि सोबत प्रत्येकाला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाचं, बहुतेक आईचं. चार वर्षांच्या मुलांचे काही उच्चार आईकडे बघून ओळखता येत होते, आई जिथली असेल तिकडे मूल झुकलेलं. मोठ्या मुलांमध्ये तो धागा सुटत गेलेला. बाराव्या वर्षापर्यंत मुलं एकमेकांसारखी बोलत होती, आया मात्र अजूनही जिथून आल्या तिथल्यासारख्याच. म्हणजे चार ते बारा या मधल्या काळात कधीतरी मुलाच्या कानाचा मालक बदलतो. पहिली भाषा घर देतं, नाही असं नाही, घराशिवाय सुरुवातच होत नाही. पण ती पुढे ठेवायची का टाकायची हे घराच्या हातात फार काळ राहत नाही.

का राहत नाही, हा खरा प्रश्न आहे आणि मुलं पेपरात नेमकं हेच लिहीत नाहीत. माझं याबद्दलचं म्हणणं सरळ आहे. या चौघांपैकी प्रत्येकाकडे शिक्षा कोणती आहे ते बघा. भाच्याने वऱ्हाडी सोडली म्हणून बहीण काय करणार होती? थोडं वाईट वाटून घेईल, रागावेल, आणि रात्री त्याला कुशीत घेऊन झोपवेल. तो घरातून बाहेर काढला जाणार नाही हे त्यालाही पक्कं माहीत आहे, घरातली जागा कायमची असते आणि म्हणूनच घराची नाराजी परवडते. शाळेकडे मार्क आहेत, डायरीतला शेरा आहे, पण वर्गातली जागा शेरा मिळाल्यावरही तीच राहते. टीव्ही आणि मोबाईलकडे तर शिक्षाच नाही, तुम्ही त्याचं ऐकलं नाही तर त्याला कळतसुद्धा नाही, बटण बंद केलं की संपलं. मित्रांचं तसं नसतं. मित्रांच्या गटातली जागा रोज संध्याकाळी नव्याने मिळवावी लागते. आज टीममध्ये घेतलं म्हणून उद्या घेतील असं नाही. आणि त्यांच्याकडे दोनच शिक्षा असतात, हसणं आणि "तू नको". त्या दोन्ही शिक्षा ताबडतोब होतात, सगळ्यांसमोर होतात, आणि त्यावर कुठे अपील नसतं.

भाच्याच्या बाबतीत हसणं झालं. पहिल्या काही दिवसांतच कधीतरी तो खेळताना "मले दे, मले दे" म्हणाला आणि पोरांनी ते उचललं. बॉल हवेत गेला की सगळे ओरडायचे "मले दे, मले दे". दुष्टपणा म्हणावा असं त्यात फार नव्हतं, पोरंच ती, पण तो वर आला आणि हातपाय न धुता बराच वेळ गॅलरीत बसून राहिला. बहिणीने विचारलं तर म्हणाला काही नाही. दुसऱ्या दिवशी खाली गेला आणि त्यानंतर 'मले' कुणालाच ऐकू आलं नाही. एखादा शिक्षक वर्षभर 'मले नाही, मला म्हण' सांगून जे करू शकला नसता ते एका संध्याकाळी झालं.

त्याचं बदलणं मी जवळून पाहिलंय म्हणून सांगते, ते एकदम होत नाही, एका ठरावीक वाटेने होतं. आधी बाहेर बदललं, घरात वऱ्हाडी तशीच. मग मित्र दारात उभा असला की घरातलंही बदलायला लागलं. मी एकदा तिथेच होते, बेल वाजली, दारात शेजारचा मुलगा, आणि आत्ताच "माय, पाणी दे ना व" म्हणणारा हा दाराकडे बघून म्हणतो, "आई, बॅट कुठेय?" एकाच खोलीत, एकाच बाईला, मिनिटभरात दोन भाषा. बहिणीने बॅट दिली आणि माझ्याकडे पाहिलं, आम्ही दोघी काही बोललो नाही. नंतर मित्र नसतानाही घरात 'आई' आलं. सगळ्यात शेवटी फोनवर अकोल्याच्या आजीशी बोलतानाही शायाची शाळा झाली, आणि आजीने विचारलं, "काऊन रे बाप्पा, असा साहेबावानी बोलून राहिला?"

पण सगळं गेलं नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण इथे कुटुंबाची बाजू दिसते. शब्द गेले, ळ आला, पण "मी होमवर्क करून राहिलो" हे अजूनही आहे. 'करतोय' तो म्हणतच नाही. मित्रांना ते खटकत नाही बहुतेक, हिंदीतल्या 'कर रहा हूँ'ला ते जवळचं वाटत असेल, आणि त्याला स्वतःला तर ते वेगळं आहे हेच ठाऊक नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांवर अर्विला पेन यांनी काम केलं होतं, १९८० ला छापलं. मुलांनी तिथले साधे उच्चार मित्रांकडून भराभर उचलले. पण तिथला एक अवघड स्वर-नियम आहे, कुठल्या शब्दात 'अ‍ॅ' कसा म्हणायचा याचा, तो मात्र ज्यांचे आईवडील तिथेच वाढलेले होते त्याच मुलांना नीट जमला. वरचं मित्र बदलतात, खालचं घराचं राहतं, कारण खालचं कुणाला दिसत नाही आणि म्हणून त्याच्यावर कुणी हसत नाही. मला वाटतं हे फक्त भाषेपुरतं नसावं. घरात पैशाबद्दल कसं बोलतात, राग आला की घरातली माणसं गप्प बसतात का भांडी आपटतात, आजारी माणसाशी कसं वागतात, हे मित्रांच्या नजरेला पडतच नाही. ते घरच देतं आणि ते टिकतं.

आता मित्र नुसते दाबतात असं कुणी समजू नये, मला ते म्हणायचंच नाही. पोरांना जी गोष्ट घर आणि शाळा देऊच शकत नाही ती गट देतो, आणि ती म्हणजे नियम स्वतः बनवायचा अनुभव. घरात नियम आईवडिलांचा, शाळेत नियम शाळेचा, मूल तो पाळतं किंवा मोडतं, पण बनवत नाही.

त्या पार्किंगमधलं क्रिकेट मी कितीतरी वेळा वरून बघितलंय. एक टप्पा आऊट. बॉल कुणाच्या गाडीला डायरेक्ट लागला तर आऊट. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर आऊट आणि ज्याने मारला त्यानेच बेल वाजवून आणायचा. सगळ्यात लहान जो असेल तो कच्चा लिंबू, म्हणजे तो खेळणार, बॅटिंगही करणार, पण लगेच आऊट नाही धरायचा. ही कच्चा लिंबूची कल्पना किती मोठी आहे बघा, पाच वर्षांच्या पोराला बाहेर न ठेवता आत घ्यायचं, पण खेळही बिघडू द्यायचा नाही, आणि तो मोठा झाला की कधी एकदा 'आता तू पक्का' हेही पोरंच ठरवतात. एकदा रविवारी गाड्या खूप होत्या म्हणून मोठी पोरं म्हणाली, आज गाडीला लागलं तर आऊट नको धरूया, नाहीतर कुणीच टिकणार नाही. त्यावर सहा वर्षांचा एक जण रडकुंडीला आला, म्हणे असं नसतंच, नियम असाच असतो. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा त्याला समजावत होता की सगळे हो म्हणाले तर बदलतो ना नियम.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या मुलांकडून हेच ऐकलं होतं, जिनिव्हा आणि न्यूशातेलमध्ये. मुलांच्या नैतिक विचारांवरचं त्याचं ते काम १९३२ चं. लहान मुलांना वाटायचं की गोट्यांचे नियम मोठ्यांनी करून ठेवलेत, पूर्वीपासून आहेत, बदलले तर ती लबाडी. दहाच्या पुढची मुलं म्हणायची सगळ्यांना मान्य असेल तर बदलता येतो. पियाजेचं म्हणणं असं की हा बदल मोठ्यांच्या शिकवण्याने होत नाही, कारण मोठ्यांबद्दलचा आदर एकतर्फी असतो. बरोबरीच्या पोरांशी भांडून, पटवून, माघार घेऊन, पुन्हा खेळून तो होतो. आपण नागरिकशास्त्रात बहुमत आणि सहमती शिकवतो, आणि पोरं ते गाडीला लागलेल्या बॉलवरून आधीच शिकून आलेली असतात. म्हणून संध्याकाळी सहा ते आठ मुलाला दोन क्लासला घालणाऱ्या पालकांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. क्लासमध्ये त्याच्या वयाची पोरं असतात, पण तिथे नियम सरांचा असतो.

याच क्रिकेटमध्ये मीडियाही दिसला. आयपीएल चालू झाली की पोरं दोन हातांनी टी ची खूण करून डीआरएस मागायला लागली. टीव्हीवर बघितलं आणि घेतलं, इतकं सोपं वाटतं ना? तसं झालं नाही. पहिल्या दिवशी जो तो प्रत्येक बॉलला डीआरएस मागायला लागला, भांडणं झाली, मग ठरलं की एका टीमला एकच, आणि थर्ड अंपायर म्हणून बाकावर बसणाऱ्या आजोबांना विचारायचं. ते टिकलं. पण २०२३ पासून आयपीएलमध्ये जो इम्पॅक्ट प्लेयर आलाय तोही त्यांनी करून बघितला आणि सोडून दिला, कारण त्यासाठी एकाला मधेच बाहेर बसावं लागतं आणि बाहेर बसायला एकही पोरगं तयार होईना. दोन्ही गोष्टी एकाच टीव्हीवरून, एकाच मॅचमधून आल्या, एक गटाने ठेवली आणि एक टाकली. मीडियाचा परिणाम होतो का असं विचारण्यापेक्षा, आलेलं कुणाच्या हातून पुढे जातंय ते विचारावं, म्हणजे बरंच काही उलगडतं.

अगदी लहान बाळांमध्येसुद्धा हे दिसतं. पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली, साधारण २५ मिनिटांची एक अशी १२ सत्रं. काही बाळांसमोर खरी बाई बसून गोष्ट वाचायची, खेळायची. काहींना त्याच बायका, तेच साहित्य, पण स्क्रीनवर. प्रत्यक्ष माणूस भेटलेल्या बाळांना चिनीतले अनोळखी आवाज वेगळे ओळखता यायला लागले. स्क्रीनवाली बाळं जिथे होती तिथेच राहिली. माझ्या भाच्याची कार्टूनमधली हिंदी अकोल्यात का बाहेर पडली नाही याचं पूर्ण उत्तर यात नाही, तो बाळ नव्हता आणि त्याला कळत तर होतं सगळं. पण दिशा तीच आहे.

आणि मोठ्या माणसांचं? त्याचा एक फार चांगला प्रयोग आपल्याच इथला आहे, आणि पुण्यात किती जणांना तो माहीत असतो कोण जाणे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेती मंडळं चालवली, पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत. प्रत्येक गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा संध्याकाळी रेडिओभोवती जमायची, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची, मग आपसात चर्चा करायची, आणि प्रश्न केंद्राला पत्राने कळवायची, त्याची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची. असे २० कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडून पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्यांनी एक हुशारीची गोष्ट केली, तुलनेला दोन तऱ्हेची गावं घेतली, काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, काहींत रेडिओच नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांची त्या विषयांतली माहिती भरपूर वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. तेच केंद्र, तेच कार्यक्रम, पण ऐकून झाल्यावर शेजाऱ्याशी बोलायची बैठक नसली तर ऐकलेलं हवेत जातं.

भाचा आता बारा वर्षांचा आहे आणि आता पार्किंगइतकंच महत्त्वाचं झालंय ते पोरांचं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पालक म्हणतात मोबाईलने बिघडवलं. मी बहिणीला म्हटलं, तो काय बघतो त्यापेक्षा काय फॉरवर्ड करतो आणि खाली जाऊन काय बोलून दाखवतो ते बघ. रील्स तर प्रत्येकाला वेगळ्या दिसतात. त्याने एकट्याने शंभर बघितल्या आणि विसरला तर त्यातलं फार काही चिकटत नाही असा माझा अनुभव आहे. पण ज्या एका रीलचा डायलॉग सगळी पोरं आठवडाभर बोलतात ती आत गेली, मग ती चांगली असो की मुलींबद्दल काहीतरी घाण बोलणारी असो. तिथे स्क्रीन आणि मित्र एक होतात आणि तेव्हा घराचा आवाज खरोखर कमी पडतो. दुसरी खूण उलटी असते, मूल अचानक खाली जायचंच बंद करतं, फोन मात्र सतत हातात, पण वाजत नाही. तेव्हा मोबाईलचं व्यसन लागलं म्हणून ओरडण्याआधी त्याला ग्रुपमधून काढलंय का ते हळूच बघावं. आमच्याकडे हे एकदा झालंय, पोरांनी जुन्या ग्रुपमध्ये कुणीच काही टाकायचं बंद केलं आणि भाच्याला सोडून नवा ग्रुप केला. घरातल्या कुणालाच काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

त्यातून तो बाहेर आला तो आमच्यामुळे नाही, एका मुलीमुळे. सांगलीहून एक कुटुंब त्याच टॉवरमध्ये आलं, मुलगी भाच्यापेक्षा वर्षाने मोठी. ती पहिल्या दिवसापासून मराठीतच बोलायची, सगळ्यांशी. "टाक की बॉल, बघतोस काय!" हिंदी तिला येत होती पण ती वापरत नव्हती. तिच्यावर हसले का? सुरुवातीला हसले. पण ती बॉलिंग अशी टाकायची की तिला टीममध्ये न घेणं कुणालाच परवडणारं नव्हतं. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९६१ मध्ये इलिनॉयमधल्या दहा हायस्कुलांवर लिहिलं तेव्हा त्यांना हेच दिसलं होतं, की शाळा मार्कांना मान देते आणि मुलांचा आपला समाज मान देतो तो खेळाला आणि लोकप्रियतेला. ज्याच्याकडे गटाला हवी ती गोष्ट आहे त्याला गटाच्या नियमातून सूट मिळते. तिला मिळाली. आणि तिच्याशी भाचा मराठीत बोलायला लागला, मग आणखी दोघं.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांचा रेषांचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते, १९५१ चा. समोरच्या रेषेएवढी लांब रेषा कुठली ते सांगायचं, इतकं सोपं काम. खोलीतल्या बाकी सगळ्यांनी ठरवून चूक उत्तर दिलं की ज्याला हे ठाऊक नाही तो एकटा माणूसही साधारण तीनातल्या एका वेळी डोळ्यांसमोरची रेषा सोडून त्यांच्यासारखंच चूक सांगतो. पण त्या घोळक्यात एकजण जरी बरोबर उत्तर देणारा ठेवला तर हे प्रमाण एकदम खाली येतं. बाकी सगळे तेवढेच, दबाव तोच, फक्त सोबतीला एक जण. घरातली दोन माणसं सोबत असून जे होत नव्हतं ते बरोबरीच्या एका मुलीने झालं, कारण आईवडील त्या खोलीत नसतात.

यातून बहिणीने एक गोष्ट उचलली ती मला फार आवडली. तिने घरात "वऱ्हाडीतच बोल" म्हणून मागे लागणं सोडलं आणि मे महिन्यात त्याला अकोल्याला पाठवायला लागली, आजीसाठी नाही, मामे-मावस भावंडांसाठी. ती सगळी नऊ ते चौदा वयाची, दुपारभर एका घरात, संध्याकाळी मैदानावर. भावंडं म्हणजे घरची माणसंही आणि समवयस्क गटही, आणि पूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जायचो तेव्हा आपल्या आईवडिलांच्या हातात हे आपोआप असायचं. तिथे 'शाळा' म्हटलं की हसतात, 'मला'वरून "मोठा पुण्यावाला आला" म्हणतात. पहिल्या वर्षी आठवडाभरात त्याचं 'मले' परत आलं. पुण्याला परतला आणि पुन्हा गेलं, ते जाणारच होतं, पण आता दोन्ही आहेत त्याच्याकडे आणि कुठे कुठलं काढायचं ते त्याला कळतं.

या दिवाळीत बहिणीने उलटं करायचं ठरवलंय. मोठ्या भावाच्या मुलाला अकोल्याहून इकडे बोलावलंय, महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीटही काढून झालंय. तो तेरा वर्षांचा आहे, डावखुरा आहे, आणि लांब मारतो. पहिल्या संध्याकाळी पार्किंगमध्ये भाचा त्याच्याशी सगळ्यांसमोर कुठल्या भाषेत बोलतो ते ऐकायला मी वाकडला जाणार आहे.